घडीच्या फोनवर वाचताना: मोठी अक्षरं आणि ६००ची सीमा

घडीचा फोन घेणाऱ्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते. पडदा उघडला की दुप्पट मोठा होतो, पण अक्षरं होती तेवढीच राहतात. मग माणूस सेटिंग्जमध्ये जातो, पडद्यावरचं सगळं मोठं करणारी पट्टी शोधतो आणि ती उजव्या टोकाला नेतो. अक्षरं मोठी होतात, पण त्याच वेळी काहीतरी नाहीसं होतं. ईमेलमध्ये डावीकडे पत्रांची यादी आणि उजवीकडे उघडलेलं पत्र अशी जी सोय होती, ती जाते. ब्राउझरच्या माथ्यावरची टॅबांची ओळ जाते. हातात राहतो तो फक्त रुंद झालेला साधा फोन. ज्या आतल्या पडद्यासाठी एवढे पैसे मोजले, त्याचा निम्मा उपयोग एका पट्टीने काढून घेतलेला असतो आणि हे कशामुळे झालं ते बहुतेकांना कळत नाही.

ते कळण्यासाठी फोन स्वतःचा पडदा कसा मोजतो हे समजून घ्यावं लागतं. गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकाराएवढंच आहे.

पडद्यावर ठिपके असतात, त्यांना आपण पिक्सेल म्हणतो. दोन फोनांवर ठिपक्यांची दाटी वेगवेगळी असते, म्हणून ॲप बनवणारे ठिपक्यांत मोजत नाहीत. अँड्रॉइडने त्यांना डीपी नावाचं एक माप दिलं आहे. फोनच्या सेटिंगमधली घनता १६० असेल तर एक डीपी म्हणजे एक ठिपका. घनता ३२० असेल तर एक डीपी म्हणजे दोन ठिपके. ही घनता म्हणजे कारखान्यात ठरलेली काचेची दाटी नव्हे. ती सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेला एक आकडा आहे आणि आपण तो बदलू शकतो. ‘सगळं मोठं करा’ ही पट्टी सरकवताना आपण नेमका हाच आकडा वाढवत असतो.

एक ठोस उदाहरण घेऊ. २०२० आणि २०२१ साली आलेल्या गॅलेक्सी झेड फोल्ड २ आणि फोल्ड ३ या फोनांचा आतला पडदा ७.६ इंचांचा, म्हणजे १७६८ गुणिले २२०८ ठिपक्यांचा आहे. गूगल ॲप बनवणाऱ्यांना चाचणीसाठी जो नमुन्याचा घडीचा फोन देतं, त्याचंही माप हेच आहे आणि त्याची घनता ४२० धरलेली आहे. आता हिशोब करा: १७६८ ला १६० ने गुणायचं आणि ४२० ने भागायचं. उत्तर येतं ६७३ डीपी. लांब बाजूचा तसाच हिशोब केला की येतात ८४१. म्हणजे ॲपच्या नजरेतून हा पडदा ६७३ गुणिले ८४१ आहे.

आता सीमा कुठे आहे ते पाहू. अँड्रॉइडच्या जगात ६०० डीपी हा आकडा फार जुना आणि फार महत्त्वाचा आहे. पडद्याची अरुंद बाजू ६०० किंवा त्याहून जास्त असेल, तर असंख्य ॲप त्याला टॅबलेट समजतात आणि दोन कप्प्यांची रचना दाखवतात. ६०० च्या खाली असेल तर तो फोन. ॲपच्या खिडकीच्या रुंदीला दुसरी सीमा आहे ८४० ची. त्यापलीकडे खिडकी ‘विस्तृत’ मानली जाते. आपला नमुन्याचा फोन आडवा धरला तर ८४१ भरतो, म्हणजे ती सीमा तो एका डीपीने ओलांडतो. घनता ४२० वरून नुसती ४२५ केली तरी आडवी रुंदी ८३१ वर येते आणि या सीमेवर बेतलेली ॲप आपली मांडणी बदलतात.

पण वाचणाऱ्यासाठी खरी निर्णायक सीमा ६०० ची आहे. घनता ४८० केली की अरुंद बाजू होते ५८९. टॅबलेटपण संपलं. ६०० वर अगदी काठावर राहायचं असेल तर घनता ४७१ च्या पलीकडे नेता येत नाही. ४२० वरून ४७१ म्हणजे वाढ किती, तर बारा टक्के. चाळिशी उलटलेल्या डोळ्यांना बारा टक्क्यांनी फारसा फरक पडत नाही. या पट्टीकडून टॅबलेटची मांडणी राखून एवढंच मिळू शकतं. उरलेली वाढ दुसरीकडून आणावी लागते.

ती जागा म्हणजे अक्षरांच्या आकाराची वेगळी पट्टी. सॅमसंगच्या फोनवर सेटिंग्जमधल्या Display विभागात या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात: Screen zoom आणि Font size and style. पिक्सेलवर Display size and text या एकाच पानावर दोन पट्ट्या एकाखाली एक असतात. पुष्कळांना त्या एकच काम करतात असं वाटतं. Screen zoom घनता बदलतो, म्हणून चित्रं, बटणं, समास आणि अक्षरं सगळं एकत्र फुगतं आणि ॲपला मिळणारी डीपींची रुंदी कमी होते. अक्षरांची पट्टी फक्त अक्षरं वाढवते. डीपी तेवढेच राहतात, ६७३ चे ६७३. त्यामुळे दोन कप्पे जागेवर राहतात आणि मजकूर मात्र मोठा होतो. आतल्या पडद्यावर वाचायचं असेल तर आधी हात लावायची पट्टी ही आहे. तिने भागलं नाही तरच दुसरीकडे जावं.

किती मोठं करायचं, याला छापील पुस्तकाचं प्रमाण उत्तम. वरच्या फोनचा उघडलेला पडदा प्रत्यक्षात सुमारे बारा सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच असतो. मराठी कादंबरी बहुधा डेमी आकारात छापतात, तिचं पान साधारण चौदा सेंटिमीटर रुंद आणि दोन्ही बाजूंचे समास वजा केले की ओळ दहा-साडेदहा सेंटिमीटरची. म्हणजे घडीच्या फोनची आतली रुंदी आणि पुस्तकातल्या ओळीची लांबी जवळपास जुळतात. कमी पडतं ते अक्षर. ॲपमधला नेहमीचा मजकूर बहुतेक वेळा १६ या आकाराचा असतो. तो या पडद्यावर ४२ ठिपके घेतो, म्हणजे छापखान्याच्या भाषेत जेमतेम आठ पॉइंट. मराठी पुस्तकं बारा ते चौदा पॉइंटांत छापलेली असतात. फोन पुस्तकापेक्षा थोडा जवळ धरला जातो हे जमेस धरलं तरी साडेदहा-अकरा पॉइंट हवेतच.

हिशोब असा बसतो. घनता थोडीशी वाढवून अरुंद बाजू ६४० डीपींवर आणायची, म्हणजे घनता ४४२ आणि सगळ्याच गोष्टींत पाच टक्के वाढ. शिवाय अक्षरांची पट्टी तीस टक्क्यांच्या आसपास वाढेल इतकी सरकवायची. दोन्ही मिळून १६ आकाराचं अक्षर पावणेअकरा ते अकरा पॉइंटांपर्यंत पोचतं आणि अरुंद बाजू ६०० पासून चाळीस डीपी सुरक्षित अंतरावर राहते. मोजपट्टी हाताशी नसेल तर आवडतं पुस्तक फोनशेजारी उघडून ठेवावं, दोन्ही नेहमीच्या अंतरावर धरावेत आणि ‘क’ ची उंची डोळ्यांनी ताडून पाहावी. पडद्यावरचा ‘क’ किंचित लहान असेल तर चालतं. निम्मा असेल तर पट्टी पुढे न्या.

अँड्रॉइड १४ पासून अक्षरांची वाढ सरसकट होत नाही, हेही लक्षात असू द्या. पट्टी पुढे नेली की बारीक मजकूर जास्त वाढतो आणि आधीच मोठी असलेली शीर्षकं कमी वाढतात. पूर्वी मजकूर वाचण्याजोगा होईपर्यंत शीर्षक अर्धा पडदा व्यापायचं, ते आता टळलं आहे. म्हणून जुन्या अनुभवावरून ही पट्टी टाळत असाल तर पुन्हा एकदा करून पाहा.

आता मराठीचा खास मुद्दा. देवनागरी रोमनपेक्षा उभी जागा जास्त मागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे पाय. ‘राष्ट्र’, ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’ असे शब्द ओळीच्या दोन्ही अंगांना पसरतात. ॲप बनवणाऱ्याने बटणाची उंची इंग्रजी शब्द डोळ्यांसमोर ठेवून पक्की करून ठेवलेली असेल, तर अक्षरं वाढवल्यावर उकार खालून कापला जातो किंवा वेलांटीचा माथा दिसेनासा होतो. पट्टी फार पुढे गेली हे ओळखण्याची हीच खूण आहे. अशी काटछाट दिसली की अक्षरांची पट्टी एक पायरी मागे घ्यावी आणि घनता तेवढी पुढे न्यावी, कारण घनतेने बटणही वाढतं. मात्र ६०० च्या अलीकडे थांबून.

ठळक अक्षरांचा पर्यायही त्याच पानावर असतो. देवनागरीसाठी तो घेऊ नये असं माझं मत आहे. रेघा जाड झाल्या की ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या पोटातली पांढरी जागा भरून जाते आणि अक्षर काळं ठिक्कर दिसतं. डोळ्यांना ओळख पटते ती त्याच पांढऱ्या जागेवरून. आकार वाढवावा, जाडी नको.

काही फोनांवर Screen zoom ची पट्टी मोजक्या टप्प्यांचीच असते. एक टप्पा कमी वाटतो आणि दुसरा एकदम ६०० च्या खाली नेतो. मग नेमका आकडा टाइप करायची सोय वापरावी लागते. ती डेव्हलपर ऑप्शन्समध्ये दडलेली असते. सॅमसंगवर About phone मधल्या Software information मध्ये जाऊन Build number वर सात वेळा टिचकी मारली की तो विभाग खुला होतो. इतर फोनांवर Build number बहुधा About phone च्या पानावरच तळाशी सापडतो. आत Smallest width किंवा Minimum width नावाची ओळ असते. तिथे जो आकडा दिसेल तीच तुमच्या पडद्याची अरुंद बाजू, डीपींमध्ये.

इथे घोळ होतो तो उलट्या नियमामुळे. या रकान्यात आकडा वाढवला की अक्षरं लहान होतात आणि आकडा कमी केला की मोठी. कारण आपण रुंदी सांगत असतो: पडदा तेवढाच, पण त्यात जास्त डीपी मावायचे म्हटल्यावर प्रत्येक डीपी बारीक होणार. ६७३ च्या जागी ६४० लिहिलं की पडदा लगेच थोडा फुगलेला दिसतो. एकदम मोठी उडी मारू नये. भलताच आकडा पडला तर मेनू पडद्याबाहेर जातात आणि परत फिरण्याचं बटणच सापडत नाही. अशा वेळी संगणक कामी येतो. त्यासाठी आधीच USB debugging सुरू केलेलं असावं लागतं आणि संगणकावर अँड्रॉइडचं adb हे साधन असावं लागतं. मग या तीन ओळी पुरतात:

```
adb shell wm density
adb shell wm density 442
adb shell wm density reset
```

पहिली ओळ सध्याची घनता दाखवते. उत्तरात Physical density म्हणजे कंपनीने ठरवलेला आकडा आणि Override density म्हणजे आपण लादलेला. दुसरी ओळ नवी घनता बसवते आणि तिसरी सगळं मूळ पदावर आणते. काम झालं की USB debugging बंद करावं. आपल्याकडची बँकांची आणि पैसे पाठवण्याची कित्येक ॲप ते सुरू असेल तर उघडायलाच नकार देतात. काहींना नुसतं डेव्हलपर ऑप्शन्स सुरू असणंही चालत नाही. ऐन दुकानात पैसे द्यायच्या वेळी हे कळू नये, म्हणून घरीच ती ॲप उघडून पाहावीत.

आणखी एक तपासणी: हे सगळं फोन उघडा ठेवूनच करावं आणि नंतर तो मिटून बाहेरचा पडदा पाहावा. काही फोन दोन्ही पडद्यांची मापं वेगळी सांभाळतात, काही ठिकाणी एकाचा बदल दुसऱ्यावर उतरतो. बाहेरचा पडदा मुळात चिंचोळा. तिथे फोन लावायची कळफळी बाहेर गेली किंवा संदेश तीन-तीन शब्दांच्या ओळींत तुटायला लागले, तर आतला आकडा थोडा सैल करून मधला मार्ग काढावा.

इतकं केल्यावरही काही ॲप उघडलेल्या पडद्याच्या मधोमध उभ्या पट्टीत बसतात आणि दोन्ही बाजूंना काळी जागा सोडतात. तो घनतेचा दोष नाही. ॲप बनवणाऱ्याने ‘फक्त उभ्या फोनसाठी’ असं लिहून ठेवलेलं असतं. त्यासाठी त्या ॲपचं गुणोत्तर बदलायची सोय सेटिंग्जमध्ये असते: कुठे Full screen apps, कुठे ॲपच्या स्वतःच्या पानावर Aspect ratio. तिथून ते पूर्ण पडद्यावर आणता येतं. २०२५ साली आलेल्या अँड्रॉइड १६ मध्ये तर नियमच बदलला. त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपनी उभं-आडवं किंवा आकाराचं बंधन घातलं तरी मोठ्या पडद्यावर ते मानलं जात नाही, खेळांचा अपवाद सोडून. आणि मोठा पडदा कोणता? अरुंद बाजू ६०० डीपी किंवा जास्त असलेला. घनता वाढवून ६०० च्या खाली गेलात तर हा फायदाही हातचा जातो.

दोन कप्पे टिकवायचे म्हणून इतका खटाटोप सांगितला, पण ते कप्पे ईमेलला, संदेशांना, फायलींना उपयोगी. सलग वाचनाला नव्हेत. पुस्तक वाचायच्या बहुतेक ॲपमध्ये पडद्यावर दोन पानं शेजारी-शेजारी दाखवायची सोय असते आणि घडीचा फोन पाहून ती हौसेने सुरू केली जाते, कारण मधली घडी नेमकी दोन पानांच्या सांध्यावर येते. दिसायला ते छान. पण बारा सेंटिमीटरचे दोन भाग केले की समास वजा जाता एकेका पानाला पाचच सेंटिमीटर उरतात. इंग्रजीत एवढ्या ओळीवर निभावतं. मराठीत शब्दाला प्रत्यय चिकटतात आणि ‘विद्यापीठांमधल्यांसाठीसुद्धा’ असा एकच शब्द अर्धी ओळ खातो. उरलेल्या जागेत पुढचा शब्द मावत नाही म्हणून तो खाली जातो. दोन्ही कडा सरळ करण्याचा पर्याय चालू असेल तर शब्दांमध्ये मोठाली भोकं पडतात आणि नजर ओळीवरून घसरते. मराठीसाठी आतल्या पडद्यावर एकच पान ठेवावं, उजवी कड मोकळी सोडावी, समास बोटभर असावा आणि दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट. ओळीत साधारण पंचेचाळीस-पन्नास अक्षरं बसतात, आणि तेवढी पुरेत. घडीची रेघ अधूनमधून मजकुरातून जाते हे खरं, पण सरळ समोरून पाहिलं की ती फारशी आड येत नाही. आड येतो तो वरच्या दिव्याचा तिरपा उजेड. फोन थोडा कलवला की भागतं.

ब्राउझरमध्ये वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांनी Desktop site ची खूण लागलेली नाही ना, ते बघावं. ती असेल तर संकेतस्थळ स्वतःला संगणकाच्या पडद्यावर समजून अक्षरं बारीक करतं आणि वर केलेली सगळी मेहनत तिथे लागू पडत नाही. क्रोममध्ये Accessibility विभागात Default zoom वेगळा ठेवता येतो. मजकूर तरीही लहान वाटला तर तो वाढवावा, फोनची घनता नव्हे.

पीडीएफचं गणित मात्र निराळं. तिथे पान म्हणजे एक गोठलेलं चित्र. घनता, अक्षरांची पट्टी, ओळींतलं अंतर यांपैकी कशाचाच त्यावर परिणाम होत नाही. डेमी आकाराचं स्कॅन केलेलं पुस्तक बारा सेंटिमीटर रुंदीत ८६ टक्क्यांवर येतं. वाचनाच्या ॲपने समास कापून टाकले की जवळजवळ मूळ आकार मिळतो. दिवाळी अंक किंवा सरकारी परिपत्रक ए-फोर आकारात असेल तर तेच प्रमाण ५७ टक्क्यांवर उतरतं. बारा पॉइंटांचं अक्षर सातचं होतं, आणि ते कुणीही सुखाने वाचू शकत नाही. अशा वेळी फोन आडवा करावा. पंधरा सेंटिमीटर रुंदी मिळाली की प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास जातं, समास कापले की त्याहून बरं, आणि पान अर्धं-अर्धं वर सरकवत वाचता येतं. तरीही ए-फोर पीडीएफ रोज वाचायच्या असतील तर घडीचा फोन त्यासाठी घेऊ नये; दहा-अकरा इंची टॅबलेट स्वस्तात पडतो आणि ते काम जास्त चांगलं करतो.

तुमचा फोन वरच्या उदाहरणातला नसेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील. अरुंद बाजूचे पिक्सेल गुणिले १६०, भागिले घनता. आणि कुठलीही पट्टी सरकवण्याआधी Smallest width मध्ये दिसणारा मूळ आकडा कागदावर लिहून ठेवा, फोनमध्ये नको.